सुती साडी आणि कुर्त्याला घरच्या घरी खळ कशी घालावी

संक्रांतीला नेसायची म्हणून मी एक काळी मंगळगिरी साडी घेतली होती. दुकानातून आणली तेव्हा ती कशी छान ताठ होती! पहिल्या धुण्यातच तिचा सगळा ताठपणा पाण्याबरोबर निघून गेला. लाँड्रीत स्टार्चला द्यायची तर चार दिवस लागणार होते आणि सण दोन दिवसांवर आलेला. मग घरीच साबुदाणा शिजवला, ती घट्ट खळ थेट साडीवर ओतली, चोळली, पिळली आणि साडी उन्हात टाकली. वाळल्यावर पाहिलं तर काळ्या साडीवर पांढरे ढग उमटले होते. काही ठिकाणी कापड पुठ्ठ्यासारखं झालेलं, काही ठिकाणी होतं तसंच मऊ.

नंतर सासूबाईंनी हातात हात घेऊन शिकवलं, आणि काही गोष्टी मी वजनकाटा आणि मापाचा मग घेऊन स्वतः करून पाहिल्या. आता माझ्या सगळ्या सुती साड्यांना आणि घरातल्यांच्या कुर्त्यांना घरीच खळ होते. पहिल्यांदा करणाऱ्याला जिथे अडतं ते सगळं इथे क्रमाने लिहिते. उदाहरण म्हणून तीच काळी साडी घेते, कारण गडद रंगावर जमलं की बाकी सगळ्यावर जमतं.

आमच्याकडे याला खळ म्हणतात, काही घरांत कांजी, आणि लाँड्रीवाले स्टार्च. वस्तू एकच: पिठूळ पदार्थ पाण्यात पूर्ण शिजवून केलेलं पातळ द्रावण.

१. आधी कापड ओळखा

खळ सुती कापडाला धरते. मंगळगिरी, बंगालची तांत, नारायणपेठी सुती, मदुराईची सुंगडी, खादी, मलमल, साधं हातमागाचं कापड, सुती कुर्ते हे सगळं चालेल. लिननलाही चालते. पॉलिस्टर मिसळलेल्या कापडात मात्र ती मुरत नाही, वरच बसते आणि वाळल्यावर पापुद्र्यासारखी सुटते. खळ घातलेल्या कापडावर नख ओढलं आणि पांढरी भुकटी आली, तर एक शक्यता ही असते. दुसरी, म्हणजे खळ कच्ची राहिल्याची, पुढे येईलच.

रेशीम आणि रेशीम-सुती कापडाला खळ घालू नका. चंदेरी आणि माहेश्वरी साड्यांत बहुतेक वेळा रेशीम असतं. इरकलीचा पदर रेशमी असेल तर अंगाला हलकी खळ देता येते, पण पदर खळीबाहेर हातात धरून ठेवावा लागतो. पहिल्यांदाच करत असाल तर अशी साडी निवडू नका. नुकती आणलेली कोरी साडीही नको. विणताना उभ्या धाग्यांना खळ लावलेलीच असते, म्हणून ती दुकानात ताठ दिसते. ती धुऊन निघाली की मगच आपली खळ नीट मुरते. एकदोन धुणी होऊ द्या.

साडीला फॉल लावायचा असेल तर सुती फॉल आधी पाण्यात भिजवून वाळवून घ्या आणि मग लावा. न भिजवता लावलेला फॉल आकसतो. त्यात खळ घातली की खालचा काठ चुण्या पडलेल्या अवस्थेतच ताठ होतो, आणि कितीही इस्त्री फिरवली तरी तो सरळ होत नाही.

२. कशाची खळ करायची

घरात सहज मिळणारे चार पर्याय आहेत: साबुदाणा, आरारूट, तांदळाची पेज आणि मैदा किंवा कॉर्नफ्लोअर. निवड करताना मी सर्वांत आधी कापडाचा रंग बघते. साबुदाणा आणि आरारूट कंदमुळांपासून होतात. त्यांची खळ शिजल्यावर काचेसारखी पारदर्शक दिसते, म्हणून गडद साडीवर तिचा थर उठून दिसत नाही. तांदूळ, गहू आणि मका या धान्यांची खळ दुधाळ असते. पांढऱ्या कुर्त्यावर किंवा फिक्या साडीवर ती उत्तम, पण काळ्या, निळ्या किंवा मोरपंखी कापडावर तीच धुरकट दिसते.

माझी नेहमीची खळ साबुदाण्याची. ताठपणा चांगला येतो, इस्त्रीनंतर कापडावर मंद तकाकी येते आणि माप दरवेळी सारखं ठेवता येतं. आरारूटची खळ जराशी मऊ बसते, पातळ मलमलीच्या ओढणीला किंवा कुर्त्याला ती मला जास्त आवडते.

तांदळाची पेज सर्वांत जुनी आणि फुकटातली. सासूबाई कोकणातल्या, त्यांच्याकडे भात वेळून काढत. ते वेळलेलं पाणी दुपारी साड्यांना जाई. पण त्या भातात मीठ किंवा तूप घातलेलं नसे, हे लक्षात ठेवा. मिठाचं पाणी असेल तर कापड हवेतला ओलावा ओढून घेतं आणि दमट दिवसांत लोळागोळा होतं. तुपातेलाचे तर सरळ डाग पडतात. कुकरमध्ये बेताच्या पाण्यात भात लावत असाल तर खळीपुरती पेज निघणारच नाही. त्यापेक्षा मूठभर तांदूळ भरपूर पाण्यात मऊ शिजवा आणि वरचं पाणी गाळून घ्या. पेजेची अडचण एवढीच की ती कधी दाट, कधी पातळ निघते, त्यामुळे दरवेळी चिंधीवर पाहूनच वापरावी लागते. ही चिंधी कशी पाहायची ते पाचव्या पायरीत सांगते.

मैद्याची खळ मी कपड्यांना घालत नाही. मैद्यात पिठूळ भागाबरोबर चिकही असतो. त्यामुळे गुठळ्या लवकर होतात आणि कापड चिकट लागतं.

३. काय काय लागेल

- साबुदाणा ४ सपाट टेबलस्पून, म्हणजे साधारण ५० ग्रॅम (एका साडीसाठी)
- जाड बुडाचं पातेलं आणि ढवळायला लांब दांड्याचा डाव
- लिटरच्या खुणा असलेला मग
- गाळायला जुनी मलमल किंवा स्वच्छ पंचा, चहाची गाळणी नको
- साडी मोकळी पसरेल असा टब किंवा मोठं घमेलं
- त्याच जाडीच्या जुन्या सुती कापडाची चिंधी
- इस्त्री, पाणी शिंपडायची बाटली आणि एक जुनी चादर

चहाची गाळणी नको, कारण तिच्या भोकांतून बारीक गुठळ्या खाली उतरतात. मोहरीएवढी एक गुठळी इस्त्रीखाली रुपयाएवढा डाग करते.

४. साडी धुऊन तयार करा

साडी आधी स्वच्छ धुतलेली हवी. घाम किंवा तेलकटपणा राहिला असेल तिथे खळ नीट बसत नाही, आणि वरून इस्त्रीची उष्णता लागली की तो डाग कायमचा पिवळा होतो. या धुण्यात फॅब्रिक कंडिशनर अजिबात वापरू नका. तो धाग्यांवर मऊ थर देतो, आणि तोच थर खळीला आत जाऊ देत नाही. खळ नीट करूनही साडी मऊच राहिली अशी तक्रार करणाऱ्या माझ्या दोन मैत्रिणींच्या बाबतीत कारण हेच निघालं.

साबणाचा फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा. मग साडी हाताने पिळून ठेवा. वाळवू नका. खळ ओल्या कापडालाच घालायची असते. कोरडं कापड जिथे पहिल्यांदा बुडतं तिथेच खळ अधाशासारखी ओढून घेतं आणि बाकीच्या भागाला कमी मिळते. माझ्या काळ्या साडीवरच्या ढगांचं निम्मं कारण हे होतं. ओल्या कापडात खळ सगळीकडे सारखी पसरते.

साडी नवी असेल आणि रंग जाईल अशी शंका असेल, तर पांढरा ओला रुमाल काठावर घासून पाहा. रुमालाला रंग लागला तर ती साडी एकटीच करा. तिची उरलेली खळ दुसऱ्या कपड्याला वापरू नका.

५. खळ शिजवा

साबुदाणा मिक्सरमध्ये कोरडाच दळून बारीक पूड करा. अख्खा साबुदाणाही चालतो, पण तो दोन तास भिजवावा लागतो, शिजायला वीसेक मिनिटं लागतात आणि गाळताना बराच भाग पंच्यात अडकतो.

पूड एका वाटीभर गार पाण्यात कालवा. गार पाण्यातच, कारण पूड थेट गरम पाण्यात पडली की प्रत्येक गोळ्याचा बाहेरचा भाग लगेच शिजून त्याचं कवच होतं आणि आतलं पीठ कोरडं राहतं. पातेल्यात एक लिटर पाणी उकळा, आच मंद करा आणि कालवलेलं मिश्रण बारीक धारेने ओतत सतत ढवळत राहा. दोनतीन मिनिटांत ते दाट होतं आणि दुधाळ रंग जाऊन पारदर्शक व्हायला लागतं. इथेच बहुतेक जण गॅस बंद करतात. करू नका. दाट होणं म्हणजे शिजणं नव्हे. आणखी पाचसहा मिनिटं मंद आचेवर ढवळत ठेवा. डावावर थोडी खळ घेऊन उजेडात धरा. त्यात पांढरे कण किंवा धुरकटपणा दिसत असेल तर ती अजून कच्ची आहे.

पिठाचे कण गरम पाण्यात फुगतात, फुटतात आणि त्यांची एकजीव लापशी होते. हीच लापशी धाग्यांमध्ये शिरते, वाळल्यावर त्यांना एकमेकांशी बांधते आणि इस्त्रीखाली सपाट होते. न फुटलेले कण बांधत नाहीत. ते कापडावर नुसती धूळ होऊन बसतात आणि साडी झटकली की उडतात. नखाला पांढरी भुकटी येण्याचं दुसरं कारण हे कच्चेपण.

शिजलेली खळ गरम असतानाच पंच्यातून गाळा. आता त्यात साधं पाणी घालून एकूण तीन लिटर करा आणि कोमट होऊ द्या. निवताना वर पातळ साय धरते. वापरण्याआधी ती काढा किंवा पुन्हा एकदा गाळा. खळ फार गरम वापरली तर साडीचा रंग उतरतो, आणि पूर्ण गार केली तर ती पाण्यात नीट विरघळत नाही, लोंब्या होतात. हाताला सोसेल एवढी कोमट बरोबर.

तीन लिटर झाल्यावर ती ताकासारखी, किंबहुना त्याहूनही पातळ दिसेल. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं, एवढ्या पातळ पाण्याने काय ताठ होणार? म्हणून चिंधी. ती पाण्यात भिजवून पिळा, खळीत मिनिटभर बुडवा, पुन्हा पिळा आणि कडक इस्त्रीने थेट वाळवा. तीन मिनिटांत तुमच्या हातात उत्तर असतं. चिंधी टोकाला धरून आडवी उचला. ती कागदासारखी थोडी पुढे उभी राहून मग वाकली, तर साडी नेसायला योग्य. लगेच गळून पडली तर खळ अजून दाट हवी. पुठ्ठ्यासारखी सरळच राहिली किंवा दुमडल्यावर पांढरी रेघ उमटली, तर एक लिटर पाणी वाढवा. पेजेचा दाटपणाही असाच ठरवायचा.

६. एका साडीत खळ जाते तरी किती

मी ती काळी साडी एकदा स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजली. कोरडी ४८० ग्रॅम. धुऊन हाताने पिळल्यावर ९५०. म्हणजे पिळलेल्या साडीतही साधारण ४७० मिली पाणी होतंच. ते खळीत मिसळून तीन लिटरचं साडेतीन लिटर होतं. खळीतून काढून तेवढ्याच जोराने पिळली की पुन्हा ९५० च्या आसपास. म्हणजे पन्नास ग्रॅम साबुदाण्यापैकी साडीत राहतो जेमतेम सात ग्रॅम, आणि तेवढ्यात साडी छान ताठ होते.

या हिशेबाचा मला तीन ठिकाणी उपयोग होतो. एक, उरलेली खळ जवळजवळ तेवढीच सकस असते. त्यात त्याच दिवशी आणखी एक साडी किंवा दोन कुर्ते निघतात. आधी फिक्या रंगाचे कपडे करायचे आणि मग गडद. दोन, साडी नीट न पिळता थबथबलेली खळीत टाकली तर ती एक लिटरहून जास्त पाणी बरोबर घेऊन येते आणि खळ पार फुळकवणी होते. तीन, जाड कापड पाणी जास्त धरतं, म्हणून त्याच खळीत ते जास्त ताठ होतं. खादीच्या कुर्त्याला मी तीन लिटरऐवजी पाच लिटर करते.

तांतीसारखी सळसळणारी, अगदी कडक साडी हवी असेल तर साबुदाणा दुप्पट, म्हणजे आठ टेबलस्पून घ्या. पाणी तेवढंच. ऑफिसला दिवसभर नेसायची साडी असेल तर मी ते करत नाही. बसलं की निऱ्या मोडतात आणि त्या मोडी दिवसभर दिसतात.

७. साडी खळीत घाला

पिळलेली साडी पूर्ण उलगडा. गुंडाळी तशीच टबात टाकली तर आतल्या घड्यांपर्यंत खळ पोचत नाही. एका टोकापासून हळूहळू खळीत सोडत जा आणि हाताने दाबत राहा. पाच मिनिटं उलटसुलट करा. वर आलेला प्रत्येक भाग पुन्हा खाली दाबा.

मग पिळायची, पण दोरखंडासारखा पीळ देऊन नाही. पिळाच्या वळणांत खळ साठते आणि वाळल्यावर तिथे तिरके पट्टे दिसतात. साडी हातात जमेल तशी गोळा करून तळव्यांमध्ये दाबत खळ काढा. मशिनच्या स्पिनमध्ये घालू नका. खळ बाहेर फेकली जाते, आणि ज्या चुण्या पडतात त्या खळीसकट पक्क्या होतात.

८. वाळवणं

ही पायरी दोन माणसांनी केली तर निम्मं काम हलकं होतं. एकाने पदराकडून, दुसऱ्याने आतल्या टोकाकडून धरा, साडी झटका आणि दोन्ही काठ हाताने ओढून सरळ करा. काठाची वीण घट्ट असते, त्यामुळे तो वेगळा आकसतो. ओला असतानाच ताणला नाही तर इस्त्रीच्या वेळी तो लाटांसारखा वर उठतो. माझ्याकडे दुसरं माणूस नसेल तर मी साडीचं एक टोक गॅलरीच्या कठड्याला चिमट्यांनी लावते आणि दुसऱ्या टोकाकडून ताणते.

साडी दोरीवर रुंदीत पसरून टाका, गुंडाळलेली नको. रंगीत साडी सावलीत, वाहत्या हवेत, उलटी बाजू वर करून. पांढरे कुर्ते उन्हात चालतात. अर्ध्या तासाने साडी दोरीवरून सरकवून खालची बाजू वर घ्या. खळ पाण्याबरोबर खाली उतरते. साडी एकाच जागी लोंबत राहिली तर खालचा काठ कडक आणि वरचा भाग मऊ होतो. बऱ्याच जणांच्या साडीत अर्धीच बाजू ताठ होते, ती यामुळे.

पावसाळ्यात मी खळ घालतच नाही. साडी वाळायला दोन दिवस लागतात, तोवर खळ आंबते, कापडाला कुबट वास येतो आणि कधी बुरशीचे काळे ठिपके पडतात. ते ठिपके नंतर निघत नाहीत.

९. इस्त्री दमट असतानाच

खळ घातलेल्या साडीचं रूप इस्त्रीत ठरतं. कापड पूर्ण कोरडं झालं असेल तर इस्त्री कितीही गरम असली तरी ते खरखरीतच राहतं, कारण वाळलेली खळ ओलावा मिळाल्याशिवाय मऊ होत नाही आणि मऊ झाल्याशिवाय सपाट बसत नाही. म्हणून साडी थोडी दमट असतानाच काढा. पूर्ण वाळलीच तर पाण्याचा हलका शिडकावा करा, गुंडाळून चादरीत तासभर ठेवा. ओलावा सगळीकडे सारखा पसरतो.

इस्त्रीची कळ कॉटनवर ठेवा आणि गडद साडीला उलट्या बाजूने इस्त्री करा. जरीच्या काठावर पातळ ओलसर रुमाल ठेवून वरून फिरवा. इस्त्री एका जागी थांबवू नका. खळ जळते तेव्हा आधी गोडसर, भाकरी करपल्यासारखा वास येतो आणि मग तांबूस डाग दिसतो. वास आला की लगेच उचला. इस्त्री कापडाला चिकटू लागली तर बहुतेक वेळा कापड फार ओलं असतं किंवा खळ फार दाट झालेली असते. तळाशी चिकटलेली खळ इस्त्री बंद करून, ती निवल्यावर ओल्या फडक्याने पुसून टाका. तशीच राहिली तर पुढच्या पांढऱ्या कुर्त्यावर तिचा तपकिरी फराटा उमटतो. स्टीम इस्त्रीच्या टाकीत खळीचं पाणी कधीही घालू नका, तिची भोकं बुजतात.

साडीला चौपदरी घडी घालून एकदम इस्त्री करायचा मोह होतो. पहिल्यांदा तरी दोन पदरांपेक्षा जास्त घेऊ नका. आतल्या पदरांतला ओलावा निघत नाही, आणि कपाटात ठेवल्यावर तिथेच साडी पुन्हा मऊ पडते.

१०. कुर्त्यासाठी थोडं वेगळं

कुर्ता लहान असतो, त्यामुळे एका कुर्त्याला सव्वा टेबलस्पून साबुदाणा आणि एक लिटर खळ पुरते. आमच्या घरी कुर्त्याचं अंग या खळीत जातं, आणि गळपट्टी, बटणपट्टी, बाह्यांची टोकं यांना दाट खळ मिळते. त्यासाठी शिजवलेली खळ पातळ करण्याआधी वाटीभर बाजूला काढून ठेवा. कुर्ता साध्या खळीतून काढून पिळला की ही वाटीतली खळ बोटांनी त्या पट्ट्यांवर चोळा आणि जास्तीची लगेच ओल्या फडक्याने निपटून घ्या. पुढचा भाग सैल राहिला तरी चालतो, पण गळपट्टी बसली नाही की सगळा कुर्ता उतरल्यासारखा दिसतो.

काखेचा भाग मात्र खळीतून वाचवा. तिथे कडक कापड त्वचेला घासतं, उन्हाळ्यात रॅश येते आणि घामाने खळ चिकट होते. कुर्ता खळीत घालताना काखेजवळ धरून ठेवला तरी थोडी खळ चढतेच. काढल्यावर तेवढाच भाग साध्या पाण्याने खंगाळून घ्या. हेच साडीच्या ब्लाऊजचं. मी ब्लाऊजला खळ घालतच नाही.

पांढऱ्या कुर्त्याला नीळ द्यायची असेल तर ती खळीच्या पाण्यातच, दोनतीन थेंब वाटीभर पाण्यात आधी मिसळून घाला आणि ढवळून मग कुर्ता बुडवा. नीळ थेट टबात टाकली तर ओल्या कापडावर निळे ठिपके बसतात. चिकनकारी कुर्त्याला खळ अगदी पातळ, पाच लिटरच्या मापाची. दाट खळीत भरतकामाचे टाके दबून जातात आणि त्यांचा उठाव जातो.

११. बिघडलं तर

पांढरे डाग पडले तर ब्रशने घासू नका. भुकटी धाग्यांत आणखी आत जाते. डागावर कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं पाच मिनिटं ठेवा आणि उलट्या बाजूने इस्त्री करा. हलका डाग असेल तर एवढ्याने जातो. नाही गेला तर साडी कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून धुवा आणि पुन्हा सुरुवात करा. माझ्या काळ्या साडीचे ढग असेच गेले. नासली म्हणून बाजूला टाकलेली ती साडी दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतली, नव्या मापाने खळ केली आणि संक्रांतीला नेसले. खळीचं हे सुख आहे, ती पाण्याने सुटते.

फार कडक झाली तर अख्खी साडी पुन्हा धुण्याची गरज नाही. साध्या पाण्यात एकदा बुडवून लगेच काढा, दाबून पिळा, वाळवा. वरची थोडी खळ निघून जाते. फार मऊ राहिली तर पुन्हा खळीत घाला, पण त्याआधी कंडिशनर किंवा साबण राहिला नाही ना, ते तपासा.

१२. ठेवताना

खळ घातलेली साडी दोनतीन वेळा नेसून होते, पुढच्या धुण्यात खळ जाते आणि पुन्हा घालावी लागते. पण नेसायची नसेल तर खळ घालून कपाटात ठेवू नका. ताठ कापड एकाच घडीवर महिनोन्महिने राहिलं की घडीच्या रेषेवर धागे तुटायला लागतात. उलगडली की तिथे फट दिसते आणि ती दुरुस्त होत नाही. शिवाय खळ म्हणजे खाऊच, झुरळं आणि कसर तिच्या वासाने येतात. सणानंतर साडी नुसती धुऊन, खळ न घालता ठेवा. थोड्या दिवसांत नेसायची असेल तर हँगरला टाका किंवा आठवड्याने घडी बदला.

उरलेली खळ फ्रीजमध्ये झाकून दोन दिवस टिकते. निवून ती जेलीसारखी होते, तेव्हा थोडं गरम पाणी घालून पुन्हा मंद आचेवर सैल करा आणि गाळूनच वापरा. आंबट वास आला तर टाकून द्या, तो वास साडीतून जात नाही. टाकताना भरपूर पाणी घालून पातळ करा आणि मगच मोरीत ओता. दाट खळ पाइपमध्ये गार होऊन थिजते.